इन्सुलिन दिलं, पण जेवण झालं का?

दवाखान्यात नातेवाईक भेटायला आले की पेशंटजवळ बसलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारतात, "साखर किती आली?" ती आकडा सांगते. तो ऐकून कुणी 'बाप रे' म्हणतं, कुणाच्या जिवात जीव येतो. पण मैत्रिणींनो, गेली बावीस वर्षं खामगावात नर्सिंग करताना मी एक गोष्ट पक्की शिकले आहे. साखरेच्या नुसत्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. तो कधीचा आहे, जेवणाआधीचा की नंतरचा, त्याआधी इन्सुलिन किती आणि किती वाजता दिलं, हे सोबत असेल तरच तो कामाचा. नाहीतर त्याच आकड्यानं घात होऊ शकतो.

पेशंट भरती झाला की कॉटजवळच बोट टोचून साखर बघतात. आम्ही वॉर्डात त्याला 'एचजीटी' म्हणतो. काम मिनिटभराचं, पण नीट केलं नाही तर आकडा खोटा येतो. पेशंटनं नुकतंच केळं सोललं असेल, बोटाला गूळ किंवा बिस्किटाचा चुरा असेल, तर साखर उगाच जास्त दिसते. म्हणून आधी हात साबण-पाण्यानं धुवून कोरडे करायचे. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्यायचं. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, तिथे दुखतं कमी. रक्त येत नाही म्हणून बोट पिळत बसायचं नाही. हात खाली सोडून थोडा चोळला की थेंब येतो. ज्या हाताला ग्लुकोजचं सलाईन चालू आहे, त्या हाताचं बोट घ्यायचं नाही. स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, तर दमट हवेनं स्ट्रिप खराब होतात. आपल्याकडच्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. रक्त फारच कमी असेल, तर हे छोटं मशीन साखर खरीपेक्षा जास्त दाखवू शकतं. आकडा आणि पेशंटची तब्येत जुळत नसेल, तर हात धुवून पुन्हा तपासायचं आणि लॅबला रक्त पाठवायचं.

आता 'स्लायडिंग स्केल' म्हणजे काय, ते सांगते. डॉक्टर केसपेपरवर एक तक्ता लिहून देतात. साखर १५१ ते २०० असेल तर २ युनिट, २०१ ते २५० ला ४, २५१ ते ३०० ला ६, असा. जितकी साखर, तितकं इन्सुलिन. हा तक्ता पेशंटगणिक बदलतो, त्यामुळे कुणीही तो घरी वापरू नये. पूर्वी ग्लुकोमीटर नव्हते, तेव्हा लघवी बेनेडिक्टच्या निळ्या औषधात उकळून रंग बघायचे. निळी राहिली तर साखर नाही, हिरवी-पिवळी झाली तर थोडी, विटकरी झाली तर भरपूर. त्या रंगावर इन्सुलिन ठरायचं. आजचा तक्ता त्याच पद्धतीचा वारस आहे.

तक्ता वापरायला सोपा, पण त्याला मागचं काही ठाऊक नसतं. आधीच्या इंजेक्शनचं काम संपलं की चालू आहे, पेशंट जेवला की उपाशी आहे, हे तो विचारत नाही. ते विचारायचं काम सिस्टरचं. या तक्त्यात बहुतेक वेळा प्लेन इन्सुलिन वापरतात. ते टोचल्यावर अर्ध्या तासानं कामाला लागतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि सहा ते आठ तास त्याचा असर राहतो. हे आकडे लक्षात असू द्या, कारण पुढची हकिगत त्यावरच आहे.

पिंपळगाव राजाकडच्या एका खेड्यातल्या साठीच्या आजी पायाच्या जखमेसाठी भरती होत्या. मधुमेह जुना, अंगात ताप. डॉक्टरांची ऑर्डर होती, तिन्ही जेवणांआधी आणि रात्री १० ला साखर बघायची आणि तक्त्याप्रमाणे प्लेन इन्सुलिन द्यायचं. संध्याकाळी ७.१० ला साखर आली २६८. डबा गावाहून एसटीनं यायचा होता. "निघाला आहे, येतोच," असं नातवानं सांगितलं, म्हणून ७.१५ ला ६ युनिट दिले गेले. एसटी मात्र आलीच नाही.

८ वाजता ड्यूटी बदलली. मी रात्रपाळीला होते. संध्याकाळच्या सिस्टरनं आजींच्या कॉटजवळ उभं राहून मला ओव्हर दिला आणि वहीत लिहिलं होतं ते असं: "७.१० ला साखर २६८, जेवणाआधी. ७.१५ ला प्लेन इन्सुलिन ६ युनिट, पोटावर उजव्या बाजूला. जेवण अजून नाही, डबा आलेला नाही. लगेच दूध-बिस्किट द्यावे. किती खाल्ले ते बघावे."

या चार ओळींनी पुढची सगळी रात्र सांभाळली. मी आल्या आल्या आजींना कपभर दूध आणि बिस्किटं दिली. डबा आला ८.४० ला. तासाभरानं सून सांगायला आली, "सिस्टरबाई, मायनं तं अर्धीच भाकर खाल्ली, अन् थेही ओकली." मी उलटीची वेळ वहीत लिहिली.

रात्री १० ला साखर आली २१४. तक्ता म्हणतो, ४ युनिट द्या. नुसता तक्ता आणि नुसता आकडा बघणाऱ्या कुणीही ते दिले असते. पण सव्वासातच्या इंजेक्शनला तेव्हा पावणेतीन तासच झाले होते. म्हणजे ते ऐन जोरात होतं आणि पोटात अन्न जवळपास नव्हतं. साखर २६८ वरून खाली यायला लागलीच होती. त्यावर आणखी ४ युनिट म्हणजे उतारावरच्या गाडीला मागून ढकलणं. एका इन्सुलिनवर दुसरं असं चढलं, की साखर घसरते ती नेमकी मध्यरात्रीनंतर, जेव्हा सगळा वॉर्ड झोपलेला असतो.

डॉक्टरांना फोन करून हे सगळं क्रमानं सांगितलं. ते म्हणाले, आत्ता इन्सुलिन देऊ नका, १२ आणि २ ला साखर बघा. फोनवरची ऑर्डर मी त्यांना परत वाचून दाखवली आणि वेळ टाकून लिहून ठेवली. १२ ला साखर १२८ आली. २ वाजता बघते तर आजींच्या कपाळाला घाम, हात थंड, आणि त्या अस्वस्थ. साखर ६६. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नाही. आजी शुद्धीवर होत्या, नीट गिळत होत्या, म्हणून तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर ९४. मग दोन बिस्किटं दिली. जादा इन्सुलिन न देताही साखर ६६ वर आली होती. ते ४ युनिट गेले असते, तर काय झालं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा. पेशंट बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. तो श्वासनळीत जातो. अशा वेळी ग्लुकोज शिरेतूनच द्यावं लागतं.

सकाळी आजींची साखर होती २३१. रात्री खाली, सकाळी वर. ही तक्त्याची दुसरी उणीव. तो साखर वाढल्यावर तिच्या मागे धावतो, ती वाढू नये म्हणून काही करत नाही. अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दवाखान्यात भरती झालेल्या १३० मधुमेही पेशंटचे दोन गट केले होते. एका गटाला नुसतं स्लायडिंग स्केल. दुसऱ्याला दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाबरोबर वेगळा डोस. साखर १४० च्या आत आली ती पहिल्या गटात १०० पैकी ३८ जणांची, दुसऱ्यात ६६ जणांची. म्हणून आता नुसत्या तक्त्यावर पेशंट ठेवू नये, असंच तज्ज्ञ सांगतात. आमच्या डॉक्टरांनीही त्या सकाळी आजींची ऑर्डर बदलली. रात्री लांब पल्ल्याचं इन्सुलिन, जेवणाचा डोस डबा समोर आल्यावरच, आणि तक्ता फक्त वरच्या थोड्या दुरुस्तीपुरता.

ओव्हरच्या वहीत आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली, 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. घाईत ६ च्या पुढे इंग्रजी 'यू' काढला, की तो शून्यासारखा दिसतो आणि ६ चे ६० वाचले जातात. दुसरी, बाटली आणि सिरिंज यांची जोडी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर पेशंटला १० नाही, २५ युनिट जातात. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही मेडिकलमधून सिरिंज आणताना बाटलीवरचा आकडा बघून मगच टोपणाचा रंग मागावा.

आपल्या भागात पेशंटचं जेवण घरून येतं. त्यामुळे तो काय आणि किती जेवला, हे खरं माहीत असतं ते जवळ बसलेल्या बाईला. डबा यायला उशीर होणार असेल, तर इंजेक्शन देण्याआधीच सिस्टरला सांगा. पेशंटनं ताट तसंच ठेवलं, उलटी केली, किंवा तुम्ही मधे चहा-बिस्किट, केळं दिलं, तर तेही सांगा. "सिस्टर रागावतील" म्हणून लपवू नका. रात्री पेशंटला दरदरून घाम आला, हात थरथरले, तो असंबद्ध बोलू लागला, तर झोपेत आहे असं समजून पांघरूण घालू नका, लगेच हाक मारा. आणि ड्यूटी बदलताना नव्या सिस्टरनं "जेवण झालं का?" असं विचारलं, तर "हो, झालं" एवढ्यावर थांबू नका. अर्धी भाकर की दोन, तेही सांगा. ती अर्धी भाकरही आमच्या वहीत लिहिली जाते.