कोठे जाबेन?

हावड्याहून येणारी मुंबई मेल दादरला थांबते, तेव्हा फलाटावर उतरणाऱ्या गर्दीत बंगालमधली अशी कुटुंबं हमखास दिसतात: एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतली जाडजूड फाइल, दुसऱ्याच्या डोक्यावर बॅग, आणि नजर फलकांवर भिरभिरणारी. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासून देशभरातल्या कर्करुग्णांचा आधार आहे. तिथे निघालेल्या अनेकांना मराठी येत नाही, काहींना हिंदीही जेमतेम.

अशांना मदत करायची तर आधी समोर, हातभर अंतर राखून उभं राहावं आणि नमस्कार करावा. बॅगेला हात लावू नये. अनोळखी शहरात सामानाला कुणी हात घातला की माणूस दचकतो. ‘कोथाय जाबेन?’ एवढी बंगाली येत असली तर चेहरा लगेच सैलावतो. नसली तरी दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडून ‘कागद?’ म्हटलं की फाइल पुढे येते.

ती नीट वाचायलाच हवी. नुसतं ‘टाटा’ ऐकून परळचा रस्ता दाखवणं धोक्याचं, कारण टाटाचंच दुसरं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तिथली भेट ठरलेला रुग्ण परळला पोचला, तर त्याची सकाळ वाया जाते. म्हणून कागदावरच्या पत्त्यावर बोट ठेवावं, ‘परळ?’ विचारावं आणि होकाराची वाट पाहावी.

आकड्यांचा घोळ आणखी बारीक. बंगालीतला चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सात नऊसारखा. आपला मराठी एक तर इंग्रजी नऊच वाटावा! त्यामुळे फलाट किंवा वेळ इंग्रजी आकड्यांत लिहावी आणि बोटांनीही मोजून दाखवावी. त्यात दादरचे मध्य रेल्वेचे फलाट 2023 च्या डिसेंबरपासून आठपासून सुरू होतात, तेव्हा सवयीने तोंडात येणारा जुना क्रमांक सांगण्याआधी पाटी पाहावी.

दिशा दाखवताना समोरासमोर उभं राहिलं की आपला उजवा त्यांचा डावा होतो. शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभं राहावं. ‘सरळ’ सांगताना हात वर जाऊ देऊ नये. जिन्याजवळ त्याचा अर्थ ‘पुलावर चढा’ असा होतो. समजलं नाही तर आवाज चढवून उपयोग नाही. तोच शब्द, त्याच क्रमाने, सावकाश पुन्हा म्हणावा. दरवेळी नवं वाक्य केलं की ऐकणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सगळ्यात फसवी असते ती मान. कळलं नाही तरी संकोचाने माणूस मान डोलावतो, आणि ‘समजलं ना?’ला उत्तर नेहमी होच येतं. त्यापेक्षा ‘कुठे?’ म्हणून हात मोकळा सोडावा आणि त्यांनाच बोट दाखवू द्यावं. बोट चुकीच्या जिन्याकडे गेलं, तर पुन्हा सांगायची वेळ आहे.

रुग्णाला चालवत नसेल तर बाहेर काळी-पिवळी टॅक्सी गाठून द्यावी, कारण या भागात रिक्षा येत नाहीत. चालकाला पत्ता मराठीतून नीट समजावावा आणि ‘मीटर’ हा शब्द दोघांच्याही कानावर घालावा. तो बंगालीतही मीटरच आहे.