घोडा, पट आणि उणे एक

बुद्धिबळाचा पट रिकामा करावा आणि कोपऱ्यातल्या काळ्या घरात एकटा घोडा ठेवावा. अडीच घरांच्या चालीशिवाय त्याला काही येत नाही आणि कुठे जायचे हेही तो ठरवत नाही. जिथे जिथे उडी मारता येते त्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, एक उचलायची आणि निघेल त्या घरात जायचे. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा उडी. असा घोडा हजार खेळ्या भटकल्यावर कुठे सापडेल?

एवढ्या भटकंतीनंतर तो आपला मूळ कोपरा विसरून गेला असेल, असे कोणालाही वाटेल. ते जवळजवळ खरेही आहे. एकच गोष्ट मात्र तो विसरत नाही. घोड्याच्या प्रत्येक उडीत घराचा रंग बदलतो, हे बुद्धिबळ शिकणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे हजाराव्या खेळीनंतर हा घोडा काळ्याच घरात असणार आणि एक हजार एकाव्या खेळीनंतर पांढऱ्याच. दहा लाख खेळ्या झाल्या तरी यात फरक पडत नाही.

पुढची जागा फक्त आत्ताच्या जागेवर अवलंबून असते आणि त्याआधीच्या इतिहासावर नसते, अशा प्रवासाला मार्कोव्ह साखळी म्हणतात. तिचा सगळा कारभार एका आकड्यांच्या चौकटीत, म्हणजे संक्रमण मॅट्रिक्समध्ये, मावतो. आपल्या घोड्यासाठी ही मॅट्रिक्स ६४ ओळींची आणि ६४ स्तंभांची होते. प्रत्येक ओळ एका घराची, आणि त्या घरातून बाकीच्या प्रत्येक घरात जाण्याची शक्यता तिथे लिहिलेली. कोपऱ्यातून घोड्याला दोनच वाटा असतात, म्हणून त्या ओळीत दोन ठिकाणी १/२ आणि उरलेल्या ६२ ठिकाणी शून्य. पटाच्या मध्यावरच्या घरातून आठ वाटा फुटतात, तिथे आठ वेळा १/८.

या मॅट्रिक्सने एकदा गुणले की एका खेळीनंतरच्या शक्यता मिळतात, शंभर वेळा गुणले की शंभर खेळ्यांनंतरच्या. इतके गुणाकार केल्यावर शेवटी काय उरते, हे तिची आयगेन मूल्ये सांगतात. घरांवर काही विशिष्ट आकडे असे मांडता येतात की मॅट्रिक्सने गुणल्यावर त्या मांडणीचा आकार तसाच राहतो, फक्त सगळे आकडे एकाच संख्येच्या पटीत बदलतात. ती संख्या म्हणजे आयगेन मूल्य. ते ०.९ असेल, तर त्या मांडणीचा प्रभाव प्रत्येक खेळीला नव्वद टक्के उरत उरत नाहीसा होतो. ते १ असेल, तर मांडणी कायम टिकते.

आता प्रत्येक काळ्या घरावर +१ लिहू आणि प्रत्येक पांढऱ्या घरावर −१. मग एकेका घरापाशी थांबून विचारू, की इथून एक उडी मारल्यावर सरासरी कोणता आकडा हाती येईल? काळ्या घरातून निघणाऱ्या सगळ्या वाटा पांढऱ्या घरांतच जातात, म्हणून उत्तर नेमके −१. पांढऱ्या घरातून सगळ्या वाटा काळ्या घरांत, म्हणून उत्तर +१. सगळ्या पटावर फक्त चिन्हे उलटली, आकडे मात्र तसूभरही घटले नाहीत. चिन्ह उलटवणारी पण आकार न घटवणारी संख्या एकच: उणे एक. घोड्याच्या मॅट्रिक्सचे एक आयगेन मूल्य −१ आहे ते असे.

−०.९ असते तरी चिन्हे उलटसुलट झालीच असती, पण दर उलटीबरोबर आकडा लहान झाला असता आणि शंभर खेळ्यांत जवळजवळ काहीच उरले नसते. −१ चे तसे नाही. त्याचा शंभरावा घात +१ आणि एकशे एकावा −१. बाकीची सगळी आयगेन मूल्ये, +१ वगळता, आकाराने एकपेक्षा लहान असल्यामुळे विरून जातात. आणि +१ व −१ यांची जोडी शेवटपर्यंत उरते. साखळी स्थिरावत नाही ती एवढ्याच कारणाने.

हा हेलकावा आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पटावरच्या सगळ्या घरांतून निघणाऱ्या वाटा मोजल्या तर बेरीज ३३६ येते. त्यांपैकी निम्म्या, म्हणजे १६८, काळ्या घरांतून निघतात आणि १६८ पांढऱ्या. सुरुवातीच्या कोपऱ्याच्या वाट्याला यांतल्या २ वाटा. अशा भटकंतीत घराची दीर्घकालीन हजेरी त्याच्या वाटांच्या प्रमाणात असते, म्हणून या कोपऱ्याची हजेरी २/३३६, म्हणजे १/१६८. एकदा तिथून निघालेला घोडा सरासरी १६८ खेळ्यांनी तिथे परततो, हा संभाव्यताशास्त्राच्या वर्गात आवर्जून शिकवला जाणारा निकाल यातूनच निघतो.

पण १/१६८ ही सरासरी आहे. एखाद्या ठरावीक खेळीनंतर घोडा कोपऱ्यात असण्याची शक्यता कधीही १/१६८ च्या आसपास जाऊन थांबत नाही. दुसऱ्या खेळीनंतर ती १/६ असते, कारण कोपऱ्यातून तो ज्या दोन घरांत जाऊ शकतो त्या दोघांनाही सहा-सहा वाटा आहेत आणि त्यांतली एक परतीची. तिसऱ्या खेळीनंतर शून्य. खूप पुढे गेल्यावर सम खेळ्यांनंतरची शक्यता १/८४ कडे जाते आणि विषम खेळ्यांनंतरची शून्यच राहते. १/८४ आणि ० यांची सरासरी १/१६८. म्हणजे काळाची सरासरी निश्चित होते, तरीही त्या त्या क्षणाची शक्यता कायम दोन टोकांमध्ये झुलत राहते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार लवकर होते.

यातून सुटणारी एक सुरुवात मात्र आहे. नाणे उडवून छाप पडली तर घोडा काळ्या कोपऱ्यात ठेवायचा, काटा पडला तर शेजारच्या पांढऱ्या घरात. काळा-पांढरा यांचा तराजू पहिल्या क्षणीच समतोल असल्याने −१ च्या हाती उलटवायला काही उरत नाही, आणि शक्यता हळूहळू स्थिर होतात. दोन रंगांच्या वाट्यात जराही फरक असला, तर तेवढाच फरक कायम झुलतो.

उलट दिशेने जाणारा युक्तिवाद याहून देखणा आहे. समजा, कोणीतरी एखाद्या साखळीची फक्त मॅट्रिक्स दिली आणि तिचे एक आयगेन मूल्य −१ आहे एवढेच सांगितले. कुठूनही कुठेही पोहोचता येते, एवढी खात्रीही दिली. तर ती साखळी दोन रंगांचीच असली पाहिजे, असे ठामपणे सांगता येते. −१ च्या मांडणीतला आकाराने सर्वांत मोठा आकडा पाहावा आणि तो म असे धरावे. त्या जागेहून एका पावलावरच्या आकड्यांची सरासरी −म यायला हवी. पण −म पेक्षा खाली कोणताच आकडा नाही. मग सरासरी −म येण्यासाठी पुढच्या प्रत्येक जागी −म च असायला हवे. त्यांच्या पुढे सगळीकडे +म. असे करत करत सारी साखळी दोन गटांत विभागली जाते, आणि प्रत्येक पाऊल एका गटातून दुसऱ्यात पडते. या दोन गटांमध्ये कुठेही गळती चालत नाही. एखाद्या एकाच घरात घोड्याला शंभरातून एकदा जागेवर बसून राहण्याची मुभा दिली, तरी −१ नाहीसे होते. मात्र त्याच्या जागी −१ च्या अगदी जवळचे मूल्य येते आणि हेलकावे मरायला खूप वेळ लागतो.

शून्याखालचे पण −१ पर्यंत न पोहोचलेले मूल्य कसे वागते, याचे उदाहरण खुद्द आंद्रेई मार्कोव्ह यांनीच देऊन ठेवले आहे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी पुश्किनच्या ‘येव्गेनी अनेगिन’मधल्या २०,००० अक्षरांची मोजणी मांडली. त्यांत ८,६३८ स्वर होते. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण ०.१२८ निघाले आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचे ०.६६३. दोन अवस्थांच्या साखळीचे दुसरे आयगेन मूल्य म्हणजे या दोहोंची वजाबाकी, −०.५३५. पुढचे अक्षर फक्त आधीच्या अक्षरावर अवलंबून असते असे मानले, तर एका स्वरापासून निघाल्यावर स्वर असण्याची शक्यता पुढच्या अक्षराला ०.१२८, मग ०.५९, मग ०.३४, मग ०.४८, मग ०.४१ अशी ०.४३ च्या खालीवर झुलते आणि लवकरच तिथे विसावते. हे मूल्य −१ असते, तर सबंध काव्यात स्वर आणि व्यंजन आलटून पालटूनच आले असते.

संगणकावर या साखळ्या चालवणाऱ्यांना −१ चा फटका वेगळ्या रूपात बसतो. मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणून उत्तर स्थिर झाले का, हे पाहायची त्यांची नेहमीची पद्धत असते. घोड्याच्या मॅट्रिक्सबाबत कोणी दर दुसऱ्या गुणाकारानंतरच आकडे तपासले, तर उत्तर छान स्थिर झालेले दिसेल, आणि ते चूक असेल. लागोपाठच्या दोन गुणाकारांमधला फरक जागचा हलत नाही, पण एक सोडून एक पाहिले तर तो शून्याकडे जातो. ही खूण दिसली की −१ ओळखावे. उपाय साधा आहे. प्रत्येक खेळीआधी नाणे उडवायचे आणि छाप पडली तर घोडा जागेवरच ठेवायचा. यामुळे प्रत्येक आयगेन मूल्यात एक मिळवून त्याचा अर्धा केल्यासारखे होते: +१ तसेच राहते, −१ चे शून्य होते. घरांची दीर्घकालीन हजेरी बदलत नाही, कोपऱ्यावर सरासरी १६८ पावलांनी परतणेही नाही. एवढेच, की निम्मी पावले बसून काढल्यामुळे प्रवास संथ होतो.

पर्सी डायाकोनिस आणि मेहरदाद शाहशहानी यांनी १९८१ मध्ये पत्ते पिसण्याच्या एका पद्धतीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या नियमातही अशीच सोय होती. ५२ पत्त्यांतून डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने एक पत्ता यदृच्छया निवडायचा आणि दोघांची अदलाबदल करायची. दोन्ही हात एकाच पत्त्यावर पडले, तर जसे आहे तसे सोडायचे. असे ५२ मधून एकदा घडते. ही मुभा काढून टाकली, तर प्रत्येक अदलाबदल पत्त्यांचा क्रम ‘सम’ गटातून ‘विषम’ गटात किंवा उलट नेते, आणि घोड्याच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखेच −१ तिथे उभे राहते. मग कितीही वेळा पिसले, तरी अदलाबदलींची संख्या माहीत असणाऱ्याला शक्य असलेल्या क्रमांपैकी निम्मे क्रम बिनधोक बाद करता येतात. ती मुभा ठेवली, की साधारण शंभरेक अदलाबदलींच्या आसपास जोड पुरता मिसळू लागतो.