आत्याच्या नवऱ्याला काय म्हणायचं?

काकाची बायको काकू, मामाची बायको मामी. इथं कुणी अडत नाही. लग्नाच्या मांडवात मुलं अडखळतात ती आत्याच्या यजमानांपाशी. शहरातली बरीच मुलं 'काका' म्हणून मोकळी होतात. गावाकडची जुनी माणसं मात्र टोकतात, "काका कसले? मामा म्हण." आणि मावशीचा नवरा? तो काका, कुठे कुठे मावसा.

यात उलटसुलट काही नाही. सगळं हिशोबानं चाललेलं आहे, आणि तो हिशोब सोयरिकीचा आहे. दोन भावांची मुलं चुलत, दोन बहिणींची मावस. ही सख्ख्यासारखीच भावंडं, त्यांच्यात लग्न नाही. भाऊ आणि बहीण यांची मुलं मात्र मामे आणि आते. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काही ठिकाणी तर तिच्यावर भाच्याचा पहिला हक्क मानत. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात या प्रथेची चर्चा केली आहे. ती सगळीकडे सारखी नाही. देशस्थांत मामेबहीण चालते, चित्पावनांत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानंही बहीण-भावाच्या मुलांचं लग्न निषिद्ध धरलं, पण रूढी असेल तर सूट ठेवली.

आता अशा घरातल्या एका मुलीचं लग्न आतेभावाशी झालं असं समजू. तिची सासू म्हणजे तिची आत्याच, आणि सासरा आत्याचा नवरा. म्हणून ग्रामीण भागात सून सासूला 'आत्याबाई' म्हणते आणि सासऱ्याला 'मामंजी'. नवऱ्याच्या बाजूनं पाहा: त्याचा सासरा खराखुरा मामा, सासू मामी. नात्यात लग्न न झालेले जावईसुद्धा सासऱ्याला 'मामा' म्हणतात, ते याच हिशोबानं. प्रथा ओसरली, हाक राहिली. मावशीच्या नवऱ्याला 'काका' म्हणण्यामागेही तेच. दोन बहिणी दोन भावांना दिल्या, तर मावशीचा नवरा काकाच निघतो.

खरी पंचाईत दुहेरी नात्यात होते. आईची मावसबहीण वडिलांच्या चुलतभावाला दिलेली असेल, तर ती मावशी की काकू? बऱ्याच घरांत आधीपासून तोंडात बसलेली हाक चालू राहते. लग्नाआधी जी मावशी होती, ती मावशीच. मात्र तिच्या नवऱ्याला काका म्हटलं की दोन्ही बाजूंनी बरोबर.

ही नावं घराबाहेरही चालतात, पण तिथं हिशोब सैल होतो. दवाखान्यातल्या आया मावशी होतात, हवालदार मामा आणि अनोळखी गृहस्थ काका. तिथं चुकलं तरी कुणी रागावत नाही. घरात मात्र आत्याचे यजमान मनाला लावून घेऊ शकतात. तेव्हा पहिल्या भेटीआधी थोरल्या भावंडांना विचारा, ती काय म्हणतात ते, आणि तेच म्हणा.