स्वतःचा धंदा करायचाय, मग एचआरच्या ‘तुमचं ध्येय काय?’ला काय लिहायचं?

धंद्यासाठी भांडवल जमेपर्यंत किंवा काम शिकण्यासाठी आपल्यापैकी अनेक जण नोकरी शोधतात. मुलाखतीआधी एचआरकडून मेलवर तीन प्रश्न येतात: तुमची बलस्थानं, तुमची ध्येयं आणि हीच नोकरी का? आपण तिथेच अडखळतो.

उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही दोन वर्षं घरगुती डब्यांचा व्यवसाय केलाय आणि आता एका केटरिंग कंपनीत ऑपरेशन्स को-ऑर्डिनेटरच्या जागेसाठी अर्ज केलाय.

बलस्थानं. ‘मी मेहनती आहे, टीम प्लेयर आहे’ हे सगळेच लिहितात. त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. एकच गुण घ्या आणि त्याला पुरावा जोडा: ‘वेळेचं नियोजन. मी दोन वर्षं रोज ३५ डबे दुपारी साडेबाराच्या आत पोहोचवले. भाजी खरेदी, दोन मदतनीस आणि हिशोब मीच सांभाळत होते.’ आकडा खराच लिहा. मुलाखतीत याच उत्तरावर पुढचा प्रश्न येतो. ३५चे १०० केलेत, तर ‘एवढे डबे पोहोचवायला माणसं किती होती?’ इथेच गाडी अडकते.

ध्येयं. खरी कसोटी इथे आहे. एचआरला कळून घ्यायचं असतं, की हा माणूस सहा महिन्यांत सोडून तर जाणार नाही ना? म्हणून लोक लिहितात, ‘पाच वर्षांत तुमच्याच कंपनीत मॅनेजर व्हायचंय.’ मनात नसेल तर हे लिहू नका. आयुष्याचा पूर्ण आराखडाही मांडायची गरज नाही. जेवढं नक्की आहे, तेवढंच लिहा: ‘पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या प्रमाणावरच्या किचनचं काम शिकून एका युनिटची जबाबदारी घ्यायची आहे.’ पण दोन-तीन वर्षं थांबायचा विचारच नसेल, तर हे वाक्यही खोटंच.

आणि डबे अजून चालू असतील तर? ‘दुसरा व्यवसाय आहे का?’ असं विचारलं, तर सरळ ‘हो’ लिहा. कोणी विचारलं नाही, तरी ऑफर स्वीकारण्याआधी सांगा. अनेक नेमणूकपत्रांत दुसरा व्यवसाय करायला मनाई असते. नंतर कळलं, तर नोकरी जाऊ शकते.

हीच नोकरी का? ‘आपली नामांकित कंपनी’ नको. जाहिरातीतलं एक काम उचला: ‘जाहिरातीत रोजच्या कच्च्या मालाचं नियोजन आहे. ते मी छोट्या प्रमाणावर केलंय, आता मोठ्या प्रमाणावर करायचंय.’

प्रत्येक उत्तर तीन-चार ओळींतच संपवा. पाठवण्याआधी कंपनीचं नाव बदलून वाचा. दुसऱ्या कुठल्याही कंपनीला तेच उत्तर चालत असेल, तर ते पुन्हा लिहा.