दर वर्षी एक पत्र, बारा वर्षांच्या आत दावा

गावातली जागा कुणा नातलगाच्या हाती सोपवून सोलापूर, पुणे किंवा आखातात गेलेली कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘बारा वर्षे राहिला की जागा त्याची’ हे वाक्यही आपण ऐकत आलो आहोत. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे माहीत नसल्यामुळे जागा जातात.

समजा, वळसंगमधले आपले घर 2015 साली मामेभावाला राहायला दिले. परवानगीने राहणारा माणूस कितीही वर्षे राहिला तरी तेवढ्याने मालक होत नाही. पण 2018 साली त्याने ‘हे घर माझेच’ असे उघड सांगून आपल्याला दारातून परत पाठवले, तर 1963 च्या मुदत कायद्याची 12 वर्षे तिथून मोजली जातात. 2030 पर्यंत ताब्यासाठी दावा केला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो.

मग पत्राचा उपयोग काय? आधी त्याची मर्यादा सांगतो: नुसत्या हरकतीच्या पत्राने ही 12 वर्षे थांबत नाहीत. मात्र कब्जा परवानगीचा होता, मालक गप्प बसला नव्हता, याचा तो पुरावा ठरतो. 2004 साली विजापूरच्या एका जागेबाबत कर्नाटक वक्फ बोर्ड आणि केंद्र सरकार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की असा हक्क सांगणाऱ्याने कब्जा कधीपासून, कोणत्या स्वरूपाचा आणि मालकाला माहीत होता का, हे सिद्ध केले पाहिजे. त्या वेळी आपली जुनी पत्रे बोलतात.

म्हणून वर्षातून एकदा पत्र पाठवावे. भिंत, पत्रा किंवा नवी खोली चढली तर लगेच दुसरे. त्यात मिळकत क्रमांक, चतुःसीमा, परवानगी कधी दिली आणि जागा कोणत्या तारखेपर्यंत सोडावी, हे लिहावे. स्पीड पोस्टची पावती व पोच जपून ठेवावी. त्याच महिन्यात ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढावा. भोगवटादार म्हणून त्याचे नाव चढले असेल, तर तिथेही लेखी हरकत द्यावी.

सर्वांत मोलाचे असते ते त्याचे उत्तर. 2024 साली त्याने ‘जागा तुमचीच, मुलीच्या लग्नानंतर सोडतो’ असे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजता येते. तोंडी कबुलीने हे होत नाही, आणि 12 वर्षे उलटल्यावर घेतलेल्या सहीनेही नाही.

मस्जिद-कब्रस्तानच्या मुतवल्लींनीही हे ध्यानात घ्यावे. वक्फ मिळकतीच्या ताब्याच्या दाव्याला पूर्वी ही मुदत लागू नव्हती. 2025 च्या दुरुस्तीनंतर मुदत कायदा तिथेही लागू झाला आहे.

पत्रांना उत्तर येत नसेल, तर दहावे वर्ष संपण्याआधी कागद घेऊन वकिलाकडे जावे. दावा तयार व्हायलाही वेळ लागतो.