नात्यातील उसनवारी आणि एक कागद

समजा, दुकानासाठी मामांनी भाच्याला 3 लाख रुपये बिनव्याजी दिले आणि ‘सवडीने दे’ म्हटले. मतभेदाचे मूळ इथेच असते. मामांच्या लेखी सवड म्हणजे येती दिवाळी. भाच्याच्या लेखी दुकानाचा जम बसेपर्यंतचा काळ. शिवाय तारीख न ठरवता, मागताच परत करावयाच्या रकमेच्या दाव्याची मुदत ती दिल्या दिवसापासून 3 वर्षे असते. संकोचाने गप्प राहिलेल्या मामांचा हक्क नकळत सरतो.

म्हणून रक्कम बँक खात्यातूनच द्यावी व घ्यावी. 20 हजार वा त्याहून अधिक रकमेची रोख उसनवारी प्राप्तिकर कायद्यास मान्य नाही. कागदावर स्पष्ट लिहावे: दरमहा 5 तारखेस 10 हजार, एकूण 30 हप्ते, अडचण आल्यास भाच्याने आधी कळवावे व तो हप्ता शेवटी द्यावा. खाली दोघांच्या सह्या असाव्यात. दिलेल्या हप्त्याची नोंद भाच्याने स्वहस्ते करून सही करावी. मुदतीच्या आत केलेल्या अशा नोंदीपासून 3 वर्षे नव्याने मोजली जातात.

कागदाची एकेक प्रत दोन्ही घरी ठेवावी. मग क्षमावाणीला हात जोडताना मामांच्या मनात हिशेब नसतो आणि भाच्याची नजर खाली जात नाही.