नुसत्या कुंडलीचा फोटो

मंडळी, आज एका फोटोपासून सुरुवात करू. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवर छापील जन्मकुंडलीचा फोटो पाठवला. सोबत एक अक्षर नाही. 'सर, हे बघा' एवढंसुद्धा नाही. चौकोन, त्यातल्या रेघा, आकडे, ग्रहांची आद्याक्षरं आणि कागदाच्या कडेला दिसणारा टेबलाचा कोपरा, एवढंच.

आता याला उत्तर काय द्यायचं? आमच्या न्यायशास्त्रात यासाठी एक जुनं उदाहरण आहे. मालक म्हणतो, 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशचा घोडासुद्धा. मालक जेवायला बसला असेल तर नोकर मीठ आणतो, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. शब्द तोच, पण बोलणाऱ्याचं तात्पर्य प्रसंगावरून कळतं. आमच्याकडे आलेल्या फोटोत अडचण अशी की 'आण' हे क्रियापदच नव्हतं. नुसतंच सैंधव!

तर आम्ही काय केलं? मास्तरकीची खोड. आम्ही मांडणी समजावून सांगायला बसलो. मोठा निरोप लिहिला. आपल्याकडची कुंडली म्हणजे एक चौकोन, त्याचे दोन कर्ण आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेघा. त्यातून बारा घरं होतात. वरचं मधलं घर पहिलं, म्हणजे लग्नस्थान; जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत होती ती तिथे. पुढची घरं डावीकडून, घड्याळाच्या उलट दिशेनं मोजायची. आणि घरातला आकडा हा घराचा क्रमांक नसतो, तो राशीचा असतो. 1 मेष, 2 वृषभ, असं. याच ठिकाणी बहुतेक लोक घसरतात. वर 11 लिहिलेलं बघून 'हे अकरावं घर' म्हणतात. ते घर पहिलंच. 11 म्हणजे तिथे कुंभ रास आहे, इतकंच.

हे सगळं पाठवलं. तिकडून उत्तर आलं, 'हो सर.' त्या 'हो सर'मधूनच आम्ही ओळखलं की हे तिला नको होतं. वर्गात चाळीस वर्षं ऐकलेलं 'हो सर' आहे ते.

मग वाटलं, शब्दांचे अर्थ हवे असतील. तिचा नवरा मराठी नाही, कदाचित त्याला दाखवायचं असेल. र म्हणजे रवी, चं म्हणजे चंद्र, मं मंगळ, बु बुध, रा राहू, के केतू. हेही लिहायला घेतलं आणि थांबलो. कारण तोपर्यंत फोटो नीट बघितलाच नव्हता! प्रसंग कळायला दुसरं काही हाताशी नसेल तर निदान समोर आहे ते तरी बघावं की नाही?

तर बघितलं. वरच्या घरात 11, म्हणजे कुंभ लग्न. रवी 4 आकड्याच्या घरात, म्हणजे कर्केत. ते घर लग्नापासून सहावं. चित्रात खालच्या मधल्या घराच्या लगेच डावीकडचा त्रिकोण. मंगळ 2 आकड्याच्या घरात, वृषभेत. लग्नापासून चौथं, म्हणजे डावीकडचं मधलं घर. त्या मंगळाभोवती पेन्सिलीनं बारीक गोल केलेला होता. आम्ही तो आधी कागदाचा डाग समजलो होतो. आणि खाली अर्धवट कापली गेलेली ओळ: 10 ऑगस्ट, नाशिक, आणि वेळ 20.10.

पेन्सिलीचा गोल दिसला आणि प्रश्न अर्धा कळला. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की पत्रिकेला 'मंगळ आहे' म्हणतात. इथे तो चौथ्यात. म्हणजे कुणाच्या तरी लग्नाची बोलणी चालू होती आणि हा कागद आडवा आला होता. विद्यार्थिनीचं लग्न होऊन दहा वर्षं झालेली, तेव्हा पत्रिका तिची नसणार. आम्ही एकच ओळ लिहिली: 'ही कुणाची, आणि जन्म सकाळचा की रात्रीचा?'

तिचा फोनच आला. पत्रिका धाकट्या बहिणीची. आणि जन्म सकाळचा. आई सांगते की बाबा सकाळचा डबा घेऊन दवाखान्यात पोचले तोवर मुलगी झाली होती.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण हे ताडून बघायला ज्योतिष मानावं लागत नाही. कुंडली हे आकाशाचं चित्र आहे. वरचं घर पूर्व क्षितिज, खालचं मधलं पश्चिम क्षितिज. उजवीकडचं मधलं घर डोक्यावरचं आकाश, डावीकडचं पायाखालचं. वरून खाली मधोमध उभी रेघ ओढली असं समजा. रवी उजव्या बाजूला असेल तर जन्म दिवसाचा, डाव्या बाजूला असेल तर रात्रीचा. तो अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या मधल्या घरात असेल तर उगवती किंवा मावळतीची वेळ, तिथे नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. या फोटोत रवी डावीकडे, पश्चिम क्षितिजाच्या जरासा खाली. म्हणजे सूर्य मावळून तासभर झालेला. ऑगस्टमध्ये नाशिकला सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा 20.10 शी हे चित्र तंतोतंत जुळतं. यंत्रानं गणित बरोबर केलं. त्याला दिलेली वेळ चुकली.

जन्माच्या कागदावर '8.10' असणार, आणि माहिती भरणाऱ्यानं रात्र धरली असणार. सकाळचे 8.10 धरले तर काय होतं? बारा तासांत मंगळ जागचा फारसा हलत नाही, रवीही नाही. दोघांच्या राशी त्याच राहतात. फिरतं ते लग्न. कुंभेच्या जागी सिंह येते, वरच्या घरात 5. रवी बाराव्या घरात जातो, चित्राच्या उजव्या वरच्या त्रिकोणात, म्हणजे नुकताच उगवलेला. आणि वृषभेतला मंगळ चौथ्यातून उठून दहाव्यात. पाच घरांच्या त्या यादीत दहावं नाही.

या पडताळणीला मर्यादा आहेत, त्याही सांगून टाकतो. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. दहा-पंधरा मिनिटांची चूक यातून पकडता येणार नाही. जन्म परदेशातला असेल आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करत असतील, तर ती चूकही रवीच्या जागेवरून सहज दिसेलच असं नाही. आणि दक्षिणेकडच्या चौकटीच्या कुंडलीला ही उभी रेघ चालत नाही. तिथे राशींच्या जागा ठरलेल्या असतात, मीन डावीकडे वर, आणि लग्न तिरकी रेघ मारून दाखवतात. तिथे लग्नापासून रवीचं घर मोजूनच बघावं लागतं.

विद्यार्थिनीला आम्ही विचारलं, 'अगं, हे आधी का नाही सांगितलंस?' ती म्हणाली, 'सर, तुम्ही या गोष्टी मानत नाही. विचारायला लाज वाटली. म्हटलं, फोटो पाठवते, तुम्हीच काय ते बोलाल.' बहिणीचं जमत आलेलं स्थळ आठवडाभर अडकलं होतं, आणि आम्ही तिला घरं कुठून मोजायची ते शिकवत होतो.

तिनं दुसऱ्या दिवशी आईकडून जन्माचा दाखला काढून घेतला. सकाळी 8.10. नवी पत्रिका छापून आणली आणि तिचाही फोटो पाठवला. या वेळी खाली एक ओळ होती: 'सर, रवी उजवीकडे आहे ना?'